शेअर चाळीस रुपये वाढला, मग माझा कॉल पडला कसा? पन्हाळ्याच्या घाटातून समजून घेऊया डेल्टा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे आणि आकडे ऐकताना निसटतात म्हणून एक छोटा तक्ता घातला आहे. बाकी जसं बोललो तसंच.)

[००:००] एक व्हॉइस मेसेज

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजपासून सुरू करतो. पाठवणारा पन्हाळ्याचा आहे. गडावर त्याच्या घरच्यांचा झुणका-भाकरीचा स्टॉल आहे आणि शनिवार-रविवारी तोही तिथंच असतो. त्याच्या परवानगीनं मेसेज इथे देतोय. नाव आणि शेअरचं नाव काढलंय, आकडे थोडे गोल केलेत.

"दादा, एक विचारायचं होतं. एका शेअरचा ११०० चा कॉल घेतला होता. तेव्हा शेअर १००० ला होता आणि एक्सपायरीला तीस दिवस होते. प्रीमियम फक्त ६ रुपये १० पैसे. लॉट ५०० चा, मी चार लॉट घेतले. १२,२०० रुपये गेले. आज वीस दिवस झाले, शेअर १०४० ला आहे. म्हणजे माझा अंदाज बरोबर आला ना? शेअर वाढला ना? तर कॉल ३ रुपये ४५ पैशाला दिसतोय! ५,३०० रुपये मायनस. ॲप बिघडलंय का कुणी काय गडबड करतंय? आणि आता धरून ठेवू का विकू?"

ॲप बिघडलेलं नाही, भावा. कुणी गडबडही केलेली नाही. तुझा शेअरबद्दलचा अंदाज बरोबरच होता. फक्त तू जे विकत घेतलंस ते शेअरबरोबर किती हलतं, हे घेताना बघायचं राहून गेलं. "किती हलतं" या प्रश्नाचं उत्तर देणारा जो आकडा आहे, त्याचं नाव डेल्टा. आजचा अख्खा भाग त्या एका आकड्यावर.

[०२:१०] आधी कॉल म्हणजे काय, एका मिनिटात

ज्यांना माहीत आहे त्यांनी हे मिनिट ढकला पुढे.

आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात इसार देतात. समजा पन्हाळ्याच्या पायथ्याला एक प्लॉट आहे. मालकाशी आजच्या आज दर ठरला आणि थोडे पैसे देऊन तुम्ही तो दर बांधून घेतला. उद्या प्लॉटचा भाव वाढला तरी तुम्हाला ठरलेल्याच दरानं मिळणार. भाव पडला आणि तुम्ही मागे फिरलात, तर इसार बुडाला.

कॉल ऑप्शन साधारण तसाच. ठरलेला दर म्हणजे स्ट्राइक, दिलेले पैसे म्हणजे प्रीमियम आणि मुदत म्हणजे एक्सपायरी. फरक दोन. इसाराचे पैसे नंतर किमतीतून वजा होतात, प्रीमियम होत नाही, तो गेला तो गेलाच. आणि दुसरा फरक आजच्या विषयाचा: कॉल मुदतीआधी बाजारात विकता येतो, त्यामुळे त्याला स्वतःचा रोजचा भाव असतो. शेअरचा भाव वेगळा, कॉलचा भाव वेगळा. हे दोघं एकमेकांना बांधलेले आहेत, पण दोरी किती ताणलेली आहे ते प्रत्येक स्ट्राइकला वेगळं असतं.

[०४:००] डेल्टा म्हणजे चढ

आता कोल्हापुरातून पन्हाळ्याला गाडीवर निघूया. शिवाजी पूल ओलांडला की पुढे बराच वेळ रस्ता तसा सपाट. किलोमीटर जातात, पण उंची फारशी वाढत नाही. मग चढ लागायला सुरुवात होते. वाघबीळपासून पन्हाळ्याचा रस्ता धरला की घाट सुरू, गाडी खालच्या गिअरमध्ये. आता तेवढ्याच अंतरात उंची भराभर वाढते.

म्हणजे "मी एक किलोमीटर पुढे गेलो" एवढं सांगून "किती वर चढलो" हे कळत नाही. तो किलोमीटर रस्त्याच्या कुठल्या भागात होता ते सांगावं लागतं. सपाटीवर होता का घाटात होता?

ऑप्शनचं अगदी हेच आहे. रस्त्यावरचं अंतर म्हणजे शेअरचा भाव. तुमची उंची म्हणजे कॉलचा प्रीमियम. आणि रस्त्याचा चढ म्हणजे डेल्टा. शेअर एक रुपया पुढे सरकला तर प्रीमियम किती पैसे वर चढला, एवढाच त्याचा अर्थ.

कॉलचा डेल्टा शून्य ते एक यांच्या मध्ये असतो. शेअर स्ट्राइकच्या खूप खाली असेल तर आपण अजून सपाटीवर आहोत, डेल्टा शून्याजवळ. शेअर स्ट्राइकच्या आसपास असेल तर घाटाच्या मध्यावर, डेल्टा अर्ध्याच्या आसपास. शेअर स्ट्राइकच्या खूप वर गेला तर पूर्ण चढ, डेल्टा एकाजवळ. तिथे शेअर एक रुपया वाढला की कॉलही जवळपास एक रुपयाच वाढतो. एकाच्या पुढे मात्र डेल्टा जात नाही. शेअर एक रुपया वाढला आणि त्यामुळे कॉल दोन रुपये वाढला, असं होत नाही.

पुटचा डेल्टा उणे असतो, कारण शेअर पडला की पुट वाढतो. ज्या स्ट्राइकच्या कॉलचा डेल्टा ०.५२ आहे, त्याच स्ट्राइकच्या पुटचा साधारण उणे ०.४८. दोन्हींमधलं अंतर एकाचं. पुटवर एवढंच, आज आपण कॉलवरच राहूया.

[०७:३०] त्याच शेअरचे तीन कॉल

आपल्या मित्राचाच शेअर घेऊ. भाव १०००, एक्सपायरीला तीस दिवस. शेअर वर्षाला ३० टक्क्यांच्या वेगानं हलणारा धरू आणि गणित सोपं राहावं म्हणून व्याज सोडून देऊ. तीन स्ट्राइक बघू: ९००, १००० आणि ११००. मग समजा थोड्याच वेळात शेअर २० रुपये वाढून १०२० झाला. दुसरं काही बदललं नाही.

| स्ट्राइक | शेअर १००० असताना प्रीमियम | डेल्टा | शेअर १०२० झाल्यावर प्रीमियम | वाढ |
|---|---|---|---|---|
| ९०० | १०४.३० | ०.९० | १२२.७० | १८.४० |
| १००० | ३४.३० | ०.५२ | ४५.६० | ११.३० |
| ११०० | ६.१० | ०.१४ | ९.५० | ३.४० |

शेअर एकच, हालचाल एकच, २० रुपये. पण ९०० चा कॉल अठरा रुपयांच्या वर चढला आणि ११०० चा साडेतीन रुपयेही नाही.

अंदाज कसा काढायचा? डेल्टा गुणिले शेअरची हालचाल. ९०० साठी ०.९० गुणिले २० म्हणजे १८. १००० साठी १०.४०. ११०० साठी २.८०. खरे आकडे याच्या जवळ आहेत, पण प्रत्येक ठिकाणी थोडे जास्त आलेत. का, ते पुढे सांगतो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टक्क्यांत बघितलं तर चित्र उलटं दिसतं. ९०० चा कॉल १८ टक्के वाढला, १००० चा ३३ टक्के आणि आपला स्वस्तातला ११०० चा कॉल तब्बल ५६ टक्के! शेअर दोनच टक्के वाढलाय आणि पैसे दीडपटीच्या वर. रील्समध्ये जे स्क्रीनशॉट फिरतात ते याच खान्यातले असतात. ते दर वेळी खोटे असतात असं नाही. पण तक्त्याच्या आधी मी काय म्हणालो ते आठवा: "थोड्याच वेळात". आपल्या मित्राचा सगळा घोटाळा त्याच शब्दात आहे.

[११:००] लॉट पाचशेचा, पण शेअर किती?

तिकडे जायच्या आधी डेल्टाचा मला सगळ्यात उपयोगी वाटणारा अर्थ सांगतो.

आपल्या मित्राला वाटत होतं, "चार लॉट म्हणजे माझ्या हातात २,००० शेअर आहेत, शेअर एक रुपया वाढला की माझे २,००० रुपये." तसं नसतं. २,००० गुणिले ०.१४ म्हणजे २८०. त्याच्या हातात घेतल्या दिवशी २८० शेअर असल्यासारखी हालचाल होती. शेअर एक रुपया वाढला तर २८० रुपये.

म्हणून कुठलाही ऑप्शन घेताना लॉटला डेल्टानं गुणा. जो आकडा येईल तेवढे शेअर "असल्यासारखे" तुमच्याकडे आहेत. स्वस्त प्रीमियम म्हणजे स्वस्तात मिळालेला माल नव्हे, माल कमी आहे म्हणून पैसे कमी.

ज्यानं हा कॉल विकला तो मोठा व्यापारी असेल, तर तोही डेल्टाच बघतो. किंबहुना १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनच्या किमतीचं सूत्र मांडलं, त्याच्या मुळाशी हीच कल्पना आहे. एक लॉट विकणारा साधारण ७० शेअर बाजारातून घेऊन ठेवतो, ५०० गुणिले ०.१४. मग शेअर थोडा वाढला तर कॉलमधला त्याचा तोटा या ७० शेअरच्या नफ्यातून भरून निघतो. शेअर १०२० झाला की डेल्टा ०.२० होतो, मग त्याला १०० शेअर लागतात, तो आणखी ३० घेतो. शेअर उतरला की विकतो. शेअर वर जातो का खाली, यावर त्याला पैज लावायची नसते. आपण मात्र ती लावून बसलेले असतो.

[१४:२०] डेल्टा एका जागी थांबत नाही

तक्त्यातली वाढ अंदाजापेक्षा जास्त का आली? कारण आपण घाटात पुढे सरकलो तसा चढही वाढला. ११०० च्या कॉलचा डेल्टा सुरुवातीला ०.१४ होता आणि १०२० ला पोचेपर्यंत ०.२० झाला. सुरुवातीचे काही रुपये चौदा-चौदा पैशांनी मोजले गेले, शेवटचे वीस-वीस पैशांनी. म्हणून २.८० ऐवजी ३.४०. डेल्टा बदलण्याच्या या वेगाला गॅमा म्हणतात. आज फक्त नाव लक्षात ठेवा.

घेणाऱ्याच्या बाजूनं हे चांगलंच आहे. शेअर तुमच्या बाजूला जाताना डेल्टा वाढतो, विरुद्ध जाताना कमी होतो. विकणाऱ्याला मात्र हेच उलटं लागतं, आणि त्याचं खरं उदाहरण आपण सगळ्यांनी बघितलंय.

४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी, ३ जूनला, एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला होता. तेव्हा २२,००० चा पुट म्हणजे १,२६० अंकांपेक्षा जास्त लांबचा. डेल्टा शून्याच्या जवळचा, उणे. विकणाऱ्याला वाटतं, "शंभर अंक पडला तरी माझं जाऊन जाऊन किती जाणार?" सपाट रस्ता. पण ४ जूनला निफ्टी १,३७९ अंकांनी पडून २१,८८४.५० वर बंद झाला. २२,००० चा पुट आता पैशात आला होता, म्हणजे निफ्टी त्याच्या स्ट्राइकच्याही खाली. डेल्टा उणे अर्ध्याच्याही पुढे गेला. ज्या रस्त्याचा चढ नगण्य समजून माणूस उभा होता, तोच रस्ता एका दिवसात घाट झाला. आदल्या दिवशीच्या डेल्टानं १,३७९ अंकांचा तोटा मोजला असता, तर खऱ्या तोट्याचा एक छोटा तुकडाच दिसला असता.

म्हणून डेल्टा छोट्या हालचालीसाठी खरा. मोठ्या उडीत तो वाटेतच बदलतो.

[१८:००] मग कॉल पडला कसा?

आता आपल्या मित्राकडे वळू. शेअर ४० रुपये वाढला. सुरुवातीच्या डेल्टानं मोजलं तर ०.१४ गुणिले ४०, म्हणजे ५.६० वाढायला हवेत. ६.१० अधिक ५.६०, जवळपास ११.७०. वाटेत डेल्टा वाढला असता तर त्याहून थोडं जास्तच. मग ३.४५ कसे?

कारण डेल्टाचा प्रश्न एवढाच असतो: "बाकी सगळं आहे तसंच राहिलं आणि फक्त शेअर हलला तर?" आणि इथे बाकी सगळं तसंच राहिलं नाही. वीस दिवस गेले.

घाटाच्या भाषेत सांगतो. तीस दिवस हातात असताना रस्ता लांबून हळूहळू चढत येतो. सपाटी आणि घाट यांच्यामध्ये छान गोलाई असते, त्यामुळे स्ट्राइकपासून लांब असलात तरी थोडी उंची मिळालेली असते. ते तुमचे ६.१०. ती उंची म्हणजे "अजून वेळ आहे, शेअर पोचेलही" या शक्यतेची किंमत. दिवस जातात तशी ती गोलाई खचत जाते. आणि एक्सपायरीच्या क्षणी गोलाई उरतच नाही: ११०० पर्यंत एकदम सपाट, ११०० पासून एकदम पूर्ण चढ. डेल्टा एक तर शून्य, नाहीतर एक. मधलं काही नाही.

आपला मित्र ४० रुपये पुढे गेला हे खरं. पण त्याच वेळात पायाखालचा रस्ता खाली खचला. दहा दिवस उरलेले असताना १०४० वर उभ्या असलेल्या त्या कॉलचा भाव गणितानं ३.४५ च्या आसपासच येतो. ॲपनं बरोबर दाखवलं.

हेही बघा: वीस दिवसांनी फक्त मुद्दल परत मिळवायलाही शेअर साधारण १०५५ ला असायला हवा होता. साडेपाच टक्के वाढ, तीही वीस दिवसांत, आणि नफा शून्य. शेअर १००० लाच राहिला असता तर कॉल पन्नास-पंचावन्न पैशांवर आला असता.

आणि त्यानं १००० चा कॉल घेतला असता तर? ३४.३० चा कॉल १०४० ला, दहा दिवस उरलेले असताना, ४६.२० च्या आसपास. एका लॉटला जवळपास ५,९५० रुपये नफा. पण थांबा, लगेच "तेच घ्यायचं मग" असं म्हणू नका. त्या एका लॉटला १७,१५० रुपये लागले असते, आणि शेअर जागच्या जागी बसून राहिला असता तर त्यातले सव्वासात हजार वितळले असते. डेल्टा जास्त म्हणजे धोका कमी असं नाही. डेल्टा जास्त म्हणजे शेअरबद्दलचा तुमचा अंदाज बरोबर आला तर तो तुमच्या खिशापर्यंत पोचतो, एवढंच. चुकला तर तोही पोचतो.

[२२:४०] भीतीचा भाव

वेळेसारखीच दुसरी एक गोष्ट डेल्टाच्या मोजणीबाहेर राहते: बाजाराची धाकधूक. बाजार किती उड्या मारेल असं लोकांना वाटतंय, त्याचा भाव प्रीमियममध्ये असतो. ॲपमध्ये तो `IV` या नावानं दिसतो.

पुन्हा त्याच आठवड्यात जाऊ. ५ जून २०२४ ला निफ्टी ७३५ अंकांनी उसळून २२,६२०.३५ वर बंद झाला. पण निकाल लागून गेला होता, भीती ओसरली होती. बाजारातली धाकधूक मोजणारा इंडिया व्हिक्स एका दिवसात २७ च्या जवळून १९ च्या आसपास आला. अशा दिवशी काय होतं? डेल्टा कॉलला वर ढकलतो, ओसरलेली भीती खाली ओढते. कॉलवाल्याला हिशेबापेक्षा कमी मिळतं. आणि पुटवाल्याला दोन्हीकडून मार. निकाल, बजेट, कंपनीचे तिमाही आकडे, असल्या दिवसांच्या आदल्या संध्याकाळी ऑप्शन घेणाऱ्यांना "दिशा बरोबर आली तरी पैसे का नाही झाले" हा प्रश्न पडतो तो याचमुळे.

[२५:००] मोबाइलवर डेल्टा कुठे बघायचा

बऱ्याच ब्रोकरच्या ॲपमध्ये ऑप्शन चेन उघडली की `Greeks` नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की प्रत्येक स्ट्राइकसमोर `Delta` दिसतो. बस, तेवढंच.

तो खरा आहे का हे स्वतः तपासायचंय? बाजार चालू असताना शेअरचा आणि कॉलचा भाव लिहा. शेअर तीन-चार रुपये हलला की पुन्हा दोन्ही लिहा. कॉलमधला फरक भागिले शेअरमधला फरक. काही मिनिटांत हे झालं असेल तर उत्तर ॲपमधल्या डेल्टाच्या जवळ येईल.

इथे एक फसगत होते. लांबच्या स्ट्राइकला व्यवहारच कमी होतात. समोर दिसणारा शेवटचा भाव अर्ध्या तासापूर्वीचा असू शकतो. मग शेअर हललाय आणि कॉल हललाच नाही असं दिसतं. अशा वेळी शेवटचा भाव सोडा, खरेदी-विक्रीच्या बोली बघा, `Bid` आणि `Ask`. दोन्हीमध्ये मोठी दरी असेल, म्हणजे घेणारा ३ म्हणतोय आणि विकणारा ४, तर तुमच्या ०.१४ च्या डेल्टानं शेअरच्या सात रुपयांच्या वाढीतून मिळवलेला रुपया त्या दरीतच गेला.

अजून एक वापर. डेल्टाकडे शक्यता म्हणून ढोबळपणे बघता येतं. ०.१४ म्हणजे शेअर एक्सपायरीला ११०० च्या वर असण्याची शक्यता बाजाराच्या लेखी साधारण सातात एक, खरं तर त्याहून थोडी कमीच. लक्षात ठेवा, ही ११०० पार होण्याची शक्यता आहे, नफा होण्याची नाही. एक्सपायरीपर्यंत धरलं तर नफ्यासाठी शेअर ११०६.१० च्या वर लागतो.

[२८:३०] धरू का विकू?

भावा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं "हे कर" असं उत्तर मी देणार नाही. मी सल्लागार नाही आणि शेअर माझा नाही. पण काय मोजायचं ते सांगतो.

आज तुझ्या कॉलचा डेल्टा आहे ०.१३ च्या आसपास. गंमत बघ, शेअर ४० रुपये वर येऊनही डेल्टा जिथल्या तिथे, कारण वेळ संपत आलाय. २,००० गुणिले ०.१३, म्हणजे तुझ्याकडे आज २६० शेअरइतकी हालचाल आहे. ११०० पार होण्याची शक्यता ढोबळमानानं आठात एक. धरून ठेवलास तर दहा दिवसांत शेअर अजून ६६ रुपये वर जायला हवा, तेव्हा तुझे पैसे सुटतील.

मग स्वतःला एकच प्रश्न विचार. घेताना दिलेले १२,२०० विसर, ते गेलेले आहेत. आज तुझ्या खिशात रोख ६,९०० आहेत आणि समोर हाच ११०० चा कॉल आहे. दहा दिवस उरलेत, डेल्टा ०.१३. आज नव्यानं घेशील का? "हो" असेल तर धरण्याला काहीतरी कारण आहे. "छे, आज कोण घेतंय" असं असेल, तर धरण्याचं कारण फक्त मायनस बघवत नाही एवढंच आहे.

आणि धरलासच आणि शेअर खरोखर ११०० च्या वर गेला, तर एक गोष्ट विसरू नको. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या शेअरच्या ऑप्शनची सेटलमेंट प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. एक्सपायरीला डेल्टा एक होतो म्हणजे तो अक्षरशः एक होतो: चार लॉटचे २,००० शेअर, ११०० रुपयांनी, २२ लाख रुपये. बारा हजारांनी सुरू झालेली गोष्ट आहे ही. म्हणून शेवटच्या काही दिवसांत ब्रोकर जास्तीचं मार्जिन मागायला लागतो. पैशात असलेला शेअरचा कॉल शेवटच्या दिवसापर्यंत न्यायचा नसेल तर आधीच बाहेर पडायचं असतं.

[३२:००] जाता जाता

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. आणि २०२३-२४ मध्ये या ट्रेडरपैकी ४३ टक्के तिशीच्या आतले होते. म्हणजे आपणच. त्या सगळ्यांचे अंदाज चुकले असतील असं मला वाटत नाही. आपल्या पन्हाळ्याच्या मित्रासारखे, शेअरची दिशा बरोबर ओळखूनही पैसे घालवलेले त्यात असणारच.

म्हणून पुढच्या वेळी ऑप्शन चेनमध्ये सहा रुपयांचा कॉल दिसला, की प्रीमियमच्या खान्यावरून नजर डेल्टाच्या खान्याकडे न्या. लॉटला त्यानं गुणा. किती शेअरइतकी हालचाल मिळतेय ते बघा, आणि ती किती दिवसांत व्हायला हवी ते बघा. त्यानंतरही घ्यावासा वाटला तर निदान काय घेतोय ते माहीत असेल.

या भागावर त्या मित्राचं उत्तर आलंय. म्हणतो, "दादा, विकून टाकला. आज नव्यानं घेतला नसता." मी विचारलं, राग आलाय का? म्हणाला, "नाही. घाट चढायला निघालो होतो, केर्लीच्या पुढे गाडीच गेली नव्हती."

पुढच्या भागात गॅमा. एक्सपायरीच्या दिवशी दुपारी दोननंतर ऑप्शन वेड्यासारखे का हलतात, ते बघू. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज पाठवत राहा, पण शेअरची नावं विचारू नका, ती मी सांगणार नाही. भेटू.